खोली सोडायची की धरून बसायचं?

होस्टेलच्या खोल्या मुलांना कशा वाटून द्यायच्या, हा प्रश्न खरं तर वॉर्डनच्या टेबलावरचा. चिठ्ठ्या टाका, नंबर लावा, संपवा. पण याच प्रश्नाच्या आसपास गणितवाले आणि अर्थशास्त्रवाले चांगली चाळीस वर्षं घुटमळत होते, आणि त्यातून जे निघालं ते होस्टेलच्या बाहेर फार लांबपर्यंत गेलं. ती गोष्ट आज सांगायची आहे. थोडं डोकं लावावं लागेल, पण आकडेमोड अजिबात नाही. चार मुलं आणि चार खोल्या, एवढाच पसारा.

गोष्ट मुख्यतः अमेरिकेतली आहे. तिकडच्या विद्यापीठांत वसंत ऋतूत पुढच्या वर्षीच्या खोल्यांची 'लॉटरी' निघते. कोणाला कुठली खोली हवी ते विचारतात, पसंतीक्रम घेतात. आपल्याकडे कित्येक होस्टेलांत चिठ्ठ्यांऐवजी मार्कांवर नंबर लागतात, पण नंबर लागल्यानंतरची तऱ्हा तीच असते. आणि दोन्हीकडे एक अडचण असते जी पहिल्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. सगळी मुलं नवीन असली तर सोपं आहे. पण गेल्या वर्षीपासून खोलीत राहणारी मुलं असतात, त्यांचं काय? त्यांना बाहेर काढायचं की राहू द्यायचं?

आता आपली चार मुलं बघू. नावं मनाची आहेत. अमोल आणि बाळू हे जुने. अमोल १०१ मध्ये राहतो, मेसला लागून. बाळू २०४ मध्ये, तिला गॅलरी आहे पण समोर रस्ता. चेतन आणि दत्ता नवीन. रिकाम्या खोल्या दोन: ३०७, कोपऱ्यावरची, दोन खिडक्यांची, आणि ३१०, दुपारचं ऊन सरळ आत येणारी. चौघांनी कागदावर आपापली पसंती लिहून दिली, आवडतीपासून नावडतीपर्यंत:

अमोल: ३०७, १०१, ३१०, २०४
बाळू: १०१, ३१०, २०४, ३०७
चेतन: ३०७, २०४, ३१०, १०१
दत्ता: २०४, ३०७, १०१, ३१०

३०७ वर अमोल आणि चेतन दोघांचा डोळा आहे, हे लगेच दिसतं. बाळूला अमोलची खोली हवी आहे आणि दत्ताला बाळूची.

कोणाच्याही डोक्यात पहिल्यांदा येते ती पद्धत अशी. आधी सगळ्यांची पहिली पसंती बघा, जिथे भांडण असेल तिथे चिठ्ठी टाका. मग उरलेल्यांची दुसरी पसंती बघा, मग तिसरी. ऐकायला किती न्याय्य वाटतं! पण जुन्यांच्या खोल्याही वाटपात घेतल्या आणि ३०७ ची चिठ्ठी अमोलच्या नावाची निघाली, तर चेतनचं काय होतं बघा. त्याची दुसरी पसंती २०४. ती केव्हाच गेलेली असते, कारण दत्ताने ती पहिल्या नंबरवर लिहिली होती आणि पहिल्या फेरीतच त्याला मिळाली. चेतन एकदम तिसऱ्या पसंतीवर घसरतो. म्हणजे त्याने खरं लिहिलं हेच त्याच्या अंगाशी आलं. पुढच्या वर्षी चेतन शहाणा होतो आणि ३०७ ला गर्दी असणार असा अंदाज बांधून २०४ पहिली लिहितो. अशी सगळी मुलं शहाणी झाली की कागदावर लिहिलेल्या पसंतीला काही अर्थच राहत नाही. सीनियर मुलांशी ओळख असलेला, 'यंदा कुठे गर्दी आहे' हे ज्याला माहीत आहे, तो जिंकतो. नुकताच गावाहून आलेला, कोणालाच न ओळखणारा मुलगा खरं लिहितो आणि फसतो.

यावरचा उपाय जुनाच आहे. चिठ्ठ्या टाकून मुलांची एकच रांग लावायची. पहिल्याने उपलब्ध खोल्यांतली सर्वांत आवडती उचलायची, मग दुसऱ्याने उरलेल्यांतली, असं शेवटपर्यंत. अर्थशास्त्रज्ञ याला मजेदार नाव देतात: 'सीरियल डिक्टेटरशिप', क्रमाक्रमाने येणारी हुकूमशाही. आपला नंबर आला की तेवढ्यापुरते आपण राजे. इथे खोटं लिहून काहीच मिळत नाही. तुमचा नंबर तुमच्या पसंतीवर अवलंबून नाही, आणि नंबर आल्यावर उरलेल्यांतली सर्वांत आवडती सोडून दुसरी कशाला घ्याल? सगळे नवीन असतील तर ही पद्धत उत्तम आहे.

आता ती आपल्या चौघांना लावू. समजा चिठ्ठ्यांतून रांग अशी लागली: दत्ता, चेतन, बाळू, अमोल. दत्ता २०४ घेतो, चेतन ३०७, बाळू १०१, आणि शेवटी अमोलच्या वाट्याला ३१०. अमोलला ३१० पेक्षा आपली जुनी १०१ जास्त आवडत होती. म्हणजे चांगल्या खोलीच्या आशेने तो लॉटरीत उतरला आणि होतं तेही घालवून बसला.

हे अन्यायाचं वाटतं, म्हणून बऱ्याच विद्यापीठांनी जुन्या मुलांना एक हक्क दिला. ज्याला आपली खोली ठेवायची आहे त्याने तसं आधी सांगावं आणि लॉटरीत उतरू नये. ज्याला बदलायची आहे त्याने खोली सोडावी आणि रांगेत उभं राहावं. कार्नेगी मेलन, ड्यूक, मिशिगन, नॉर्थवेस्टर्न आणि पेनसिल्व्हेनिया या विद्यापीठांत ही पद्धत वापरात असल्याची नोंद १९९९ च्या एका लेखात आहे. त्या लेखाकडे आपण येऊच. या हक्काचं इंग्रजी नाव 'स्क्वॉटिंग राइट्स', म्हणजे ठाण मांडून बसण्याचा हक्क.

वरवर बघता कोणाचंच नुकसान नाही. पण अमोल काय विचार करेल? 'नंबर वर लागला तर ३०७ मिळेल. खाली लागला तर ३१० किंवा २०४ गळ्यात पडेल. नकोच, आपली १०१ बरी.' बाळूही तसंच म्हणेल, कारण त्यालाही ३०७ मिळण्याची भीती आहे. (हो, एकाला हवी ती दुसऱ्याला नको असते. होस्टेलमध्ये राहिलेल्यांना हे सांगायला नको.) दोघं बसून राहिले. मग चेतन आणि दत्ता उरलेल्या दोन खोल्या वाटून घेतात. रांगेत दत्ता पुढे असल्याने तो ३०७ घेतो, ती त्याची दुसरी पसंती. चेतनला ३१० मिळते, तिसरी. बाळू आपल्या तिसऱ्या पसंतीवर, अमोल दुसऱ्यावर. चौघांपैकी एकालाही पहिली पसंती नाही! आणि गंमत म्हणजे यात कोणी लबाडी केली नाही, कोणी वशिला लावला नाही. फक्त दोघं घाबरले.

ही भीती हाच आजच्या गोष्टीचा मुद्दा आहे. दिलेला हक्क खरा होता, पण तो वापरायचा तर हललंच पाहिजे की नाही हे आधी ठरवावं लागत होतं, आणि हलणं म्हणजे जुगार. हक्कही राहील आणि जुगारही नसेल, असं काही करता येईल का?

याचं उत्तर निघायला थोडं मागे जावं लागतं. १९६२ मध्ये डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोन गणितज्ञांनी 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'मध्ये एक छोटासा लेख लिहिला. विषय होता कॉलेजप्रवेश आणि लग्नं कशी जुळवावीत. दोन्ही बाजूंना पसंती असेल तर अशी जुळणी नेहमी करता येते की कोणतेही दोघं मिळून तिच्यातून फुटून निघणार नाहीत, हे त्यांनी सिद्ध केलं. त्याच लेखात जाता जाता त्यांनी रूममेटचाही प्रश्न घेतला आहे, आणि तिथे मात्र उत्तर नाही असं दाखवलं आहे. चार मुलगे, दोन-दोनच्या दोन खोल्या. पहिल्याला दुसरा हवा, दुसऱ्याला तिसरा, तिसऱ्याला पहिला, आणि चौथा कोणालाच नको. कशाही जोड्या लावा, चौथ्याच्या खोलीत पडलेला मुलगा दुसऱ्या खोलीतल्या एकाला फोडू शकतो, कारण तिघांपैकी प्रत्येकाला पहिला मान देणारा कोणीतरी आहेच. 'कोणाबरोबर राहायचं' हा प्रश्न 'कुठल्या खोलीत राहायचं' यापेक्षा मुळातच अवघड आहे, कारण खोलीला स्वतःची पसंती नसते. त्या चौथ्या मुलाचा विचार मात्र लेख वाचून झाल्यावरही मनातून जात नाही.

आपण खोल्यांकडे वळू. १९७४ मध्ये शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी असा प्रश्न घेतला: प्रत्येकाकडे एकेक घर आहे, घराचे तुकडे करता येत नाहीत, पैसे मध्ये आणायचे नाहीत, फक्त अदलाबदल करायची. कशी करावी? त्या लेखात एक सुंदर युक्ती आहे आणि तिचं श्रेय त्यांनी डेव्हिड गेलला दिलं आहे. सगळ्यांनी मैदानात उभं राहायचं आणि आपल्याला सर्वांत आवडणारं घर ज्याचं आहे त्याच्याकडे बोट करायचं. स्वतःचंच आवडत असेल तर स्वतःकडे. माणसं मोजकी असल्याने बोटांचा माग काढत गेलं तर कुठेतरी फेरा पूर्ण होतोच. तुम्ही माझ्याकडे, मी तिच्याकडे, ती तुमच्याकडे. त्या फेऱ्यातल्यांनी घरं बदलायची आणि निघून जायचं. उरलेल्यांनी पुन्हा बोटं करायची. शेवटी सगळे सुटतात, आणि कोणीही आपल्या मूळ घरापेक्षा वाईट घरात जात नाही, कारण आपल्या घरावर आपलं बोट कधीही ठेवता येतं.

पण होस्टेल असं नसतं. तिथे काहींकडे खोली आहे, काहींकडे नाही, आणि काही खोल्या रिकाम्या आहेत. चिठ्ठ्यांची रांग एकीकडे, अदलाबदलीचे फेरे दुसरीकडे. या दोघांची सांगड घातली ती आतिला अब्दुल्कादिरोलू आणि तायफुन सोन्मेझ या दोन तुर्की अर्थशास्त्रज्ञांनी. वर म्हटलेला १९९९ चा लेख तो हाच. त्यांच्या पद्धतीला दिलेलं इंग्रजी नाव लांबलचक आहे. मराठीत सांगायचं तर, 'माझी खोली मागितलीस? मग तुझ्या आधी माझा नंबर.'

नावातच सगळं आलं. रांग चिठ्ठ्यांनीच लावायची. जुने-नवे सगळे रांगेत. पहिला माणूस आपली आवडती खोली मागतो. ती रिकामी असेल तर मिळाली. ती एखाद्या जुन्या मुलाची असेल आणि त्याचा नंबर अजून लागला नसेल, तर थांबायचं, त्या मुलाला रांगेत मागणाऱ्याच्या पुढे आणून उभं करायचं आणि त्याला विचारायचं, 'तुला काय हवं?' त्याने आणखी कोणाची मागितली तर तो आणखी पुढे. मागण्यांचा असा फेरा पूर्ण झाला तर त्या फेऱ्यातल्यांनी गेलच्या युक्तीप्रमाणे आपापसात खोल्या बदलायच्या.

आपल्या चौघांची तीच रांग घेऊ: दत्ता, चेतन, बाळू, अमोल. दत्ता २०४ मागतो. ती बाळूची, म्हणून बाळू दत्ताच्या पुढे. बाळू १०१ मागतो. ती अमोलची, म्हणून अमोल बाळूच्या पुढे. अमोल ३०७ मागतो. ती रिकामी आहे, मिळाली. आता १०१ मोकळी झाली, ती बाळूला. २०४ मोकळी झाली, ती दत्ताला. तिघांना पहिली पसंती! उरला चेतन, त्याला ३१०.

अमोल आता का घाबरत नाही, हे बघा. त्याला विचारल्याशिवाय त्याची खोली कोणी घेऊच शकत नाही. ज्या क्षणी कोणी १०१ मागेल त्या क्षणी निवड करायचा मान त्याचा, आणि तेव्हा १०१ अजून त्याच्याच हातात असते. म्हणजे लॉटरीत उतरून त्याचं नुकसान होणं शक्यच नाही. बसून राहायचं की उतरायचं, हा आधीचा निर्णयच नाहीसा झाला. आणि तो उतरला म्हणून १०१ बाळूला मिळाली, बाळू हलला म्हणून २०४ दत्ताला मिळाली. एकाची भीती गेली की मागची साखळी सुटते.

इथे गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण चेतन आपल्याकडे बघतो आहे.

चेतन म्हणतो, 'रांगेत माझा नंबर दुसरा होता. अमोलचा शेवटचा. ३०७ आम्हा दोघांना हवी होती, ती रिकामी होती, अमोलची नव्हती. मग शेवटच्या नंबरवाल्याला ती माझ्या आधी कशी मिळाली?' उत्तर एकच आहे: अमोलची खोली बाळूला आवडत होती आणि बाळूची दत्ताला. अमोलकडे काहीतरी होतं, चेतनकडे काही नव्हतं. ज्याच्याकडे आहे त्याला रांगेत उडी मारता आली. पद्धत कार्यक्षम आहे, खरं लिहायला लावणारी आहे, पण चेतनची तक्रार खोटी नाही.

या तक्रारीवर एक उत्तर एमआयटीमधल्या 'एन-एच-फोर' नावाच्या वसतिगृहात १९८० च्या दशकापासून वापरात होतं, म्हणजे १९९९ च्या लेखाच्या कितीतरी आधी. तिथली रीत अशी. रांगेप्रमाणे सगळ्यांना खोल्या द्यायला सुरुवात करायची, पण तात्पुरत्या. एखाद्या जुन्या मुलाचा नंबर आला आणि उरलेल्या सगळ्या खोल्या त्याला आपल्या जुन्या खोलीपेक्षा वाईट वाटल्या, तर तो ओरडतो, 'माझी खोली परत द्या.' ती त्याला परत मिळते, कायमची. ज्याने ती घेतली होती तो आणि त्याच्या मागचे सगळे यांचं वाटप रद्द, आणि त्या घेणाऱ्यापासून पुन्हा सुरू.

आपल्या रांगेत हे करून बघा. दत्ता २०४, चेतन ३०७, बाळू १०१. अमोलपुढे फक्त ३१० उरते. तो म्हणतो, माझी १०१ परत. मिळाली. १०१ बाळूने घेतली होती, म्हणून बाळूपासून पुन्हा. बाळू आता ३१० घेतो, ती त्याला २०४ पेक्षा आवडतेच. शेवटी दत्ता आणि चेतन पहिल्या पसंतीवर, अमोल आणि बाळू दुसऱ्यावर. आधी तिघं खूश आणि एक नाराज होता. आता दोघं खूप खूश आणि दोघं बऱ्यापैकी. अमोलचं नुकसान झालं नाही आणि चेतनला तक्रारीला जागा नाही.

मग ही रीत सरळ सरस म्हणायची का? नाही हो. तिची खोट बघायला तीनच मुलं घ्या. अमोल आणि बाळू यांना एकमेकांच्याच खोल्या हव्या आहेत, आणि दोघांनाही तिसऱ्या रिकाम्या खोलीपेक्षा आपली जुनी बरी. चेतन रांगेत पहिला आणि त्याला हवी अमोलची. एन-एच-फोरच्या रीतीने आधी चेतन अमोलची घेतो, अमोल बाळूची घेतो. बाळू आपली परत मागतो. मग अमोल आपली परत मागतो. चेतनला शेवटी तिसरी खोली. म्हणजे अमोल आणि बाळू होते तिथेच, एकमेकांच्या खोलीकडे बघत! बदलू का दिलं नाही? कारण बदललं असतं तर अमोलची खोली बाळूला गेली असती, आणि ती तर आधीच्या नंबरच्या चेतनला हवी होती. चेतनला ती कसंही करून मिळणार नव्हतीच. केवळ त्याला वाईट वाटू नये म्हणून दोघांचं अडलं.

थोडक्यात, वाटप झाल्यावर यादी तपासायच्या दोन कसोट्या आहेत आणि कोणताही वॉर्डन त्या लावू शकेल. पहिली: काही मुलांनी आपापसात खोल्या बदलल्या तर सगळ्यांचं भलं होईल असं कुठे दिसतं का? (दिसत असेल तर पहिल्या महिन्यातच मुलं गुपचूप गाद्या इकडून तिकडे नेताना सापडतील.) दुसरी: माझ्या मागच्या नंबरच्या मुलाकडे, त्याची स्वतःची जुनी नसलेली, मला जास्त हवी असलेली खोली आहे का? १९९९ ची पद्धत पहिल्या कसोटीला नेहमी उतरते, दुसरीला कधी कधी नापास होते. एन-एच-फोरचं बरोबर उलटं. जुन्यांचा हक्क राखून दोन्ही कसोट्या दर वेळी पार करणारी पद्धत असूच शकत नाही. तेव्हा कुठली खोट चालवून घ्यायची, हे माणसांनाच ठरवावं लागतं.

पुढे याच्या प्रत्यक्ष परीक्षाही झाल्या. यान चेन आणि सोन्मेझ यांनी विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत बसवून, खोल्यांऐवजी पैशांची बक्षिसं ठेवून, वाटप करून पाहिलं. २००२ मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा की ठाण मांडून बसण्याच्या हक्काऐवजी फेऱ्यांची पद्धत लावली की जुने लोक बरेच जास्त संख्येने उतरतात आणि एकंदर वाटप सुधारतं. मग २०१२ मध्ये पाब्लो गिएन आणि ओनुर केस्तेन यांनी असंच एन-एच-फोरला फेऱ्यांशी लढवलं, आणि कागदावर फेऱ्यांची पद्धत जास्त कार्यक्षम असूनही प्रयोगात एन-एच-फोर पुढे निघाली. जुने लोक तिच्यात आणखी जास्त उतरले. नुकसान होणार नाही असं सिद्ध केलेलं असणं वेगळं आणि तसं माणसाला वाटणं वेगळं. 'नकोशी मिळाली तर माझी परत' हे वाक्य कोणालाही लगेच कळतं. फेऱ्यांचं तसं नाही. तुम्हीसुद्धा वरचा परिच्छेद दोनदा वाचला असेल.

आता शेवटची उडी. २००४ मध्ये ऑल्विन रॉथ, सोन्मेझ आणि उत्कू उन्व्हेर यांनी दाखवून दिलं की होस्टेलचा हाच प्रश्न मूत्रपिंडांना लावता येतो. ज्या रुग्णासाठी नवरा, बायको, भाऊ असं कोणी मूत्रपिंड द्यायला तयार आहे पण ते जुळत नाही, तो आपला जुना रहिवासी. त्याच्या हातात खोली आहे, फक्त त्याच्या उपयोगाची नाही. ज्याला द्यायला कोणीच नाही आणि जो प्रतीक्षायादीवर आहे, तो नवीन मुलगा. मृत व्यक्तीच्या दानातून येणारं मूत्रपिंड म्हणजे रिकामी खोली. त्याच वर्षी न्यू इंग्लंडमध्ये अशा अदलाबदलीचा कार्यक्रम उभा राहिला. आपल्याकडे १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती होऊन, जवळच्या नातेवाइकांचं न जुळणारं दान दोन कुटुंबांनी आपसात बदलून घ्यायला मुभा मिळाली. २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना मिळालं. गेल २००८ मध्येच गेले होते.

आणि इथेही चेतन आहेच. एक प्रकार असा सुचवला गेला: नातेवाइकाने आपलं मूत्रपिंड यादीवरच्या कोणाला तरी द्यायचं आणि त्या बदल्यात त्याच्या रुग्णाला यादीत वर आणायचं. 'माझी खोली घे, तुझा नंबर मला दे.' पण 'ओ' गटाच्या रुग्णाला फक्त 'ओ' गटाचंच मूत्रपिंड चालतं, आणि 'ओ' गटाच्या दात्याचं मात्र बहुतेकांना चालतं. त्यामुळे न जुळलेल्या जोड्यांत 'ओ' गटाचे रुग्ण जास्त आणि 'ओ' गटाचे दाते कमी असतात. या अदलाबदलीत ते रुग्ण यादीत वर येतात, त्यांचे दाते यादीला 'ए' किंवा 'बी' गटाचं मूत्रपिंड देतात, आणि द्यायला कोणीच नसलेला 'ओ' गटाचा रुग्ण आणखी मागे ढकलला जातो. एकूण मूत्रपिंडं वाढली, जीव वाचले, हे सगळं खरं. पण ज्याच्याकडे द्यायला काही नाही त्याच्या पुढे कोणीतरी आलं, आणि इथे प्रश्न कोपऱ्यावरच्या खोलीचा नाही. म्हणूनच या प्रकाराबद्दल डॉक्टर आणि अर्थशास्त्रज्ञ दोघंही सावध राहिले आणि जोडप्या-जोडप्यांमधल्या थेट अदलाबदलीवरच जास्त भर दिला गेला.

मला स्वतःला होस्टेलपुरती एन-एच-फोरची रीत जवळची वाटते. वर्षभर शेजारी राहायचं असतं, 'त्याचा नंबर माझ्या मागे होता' हे रोज जिन्यात आठवायला नको. पण मूत्रपिंडांच्या बाबतीत अमोल-बाळूला अडवून चेतनचं मन राखायचं म्हणजे दोन शस्त्रक्रिया होऊ द्यायच्या नाहीत. तिथे मी पहिल्या कसोटीच्या बाजूने जाईन, फक्त चेतनचा नंबर खरोखर मागे जात नाही ना, एवढं आधी बघून.

घरातल्या डॉक्टर मंडळींचं आणि कधीकाळी वॉर्डन असलेल्या काकांचं मत वाचायला आवडेल.